टँकर बघून अंघोळ

उन्हाळा तापला की कसारा लोकलच्या बायकांच्या डब्यात एक विनोद हमखास ऐकू येतो. "आमच्याकडे अंघोळ पंचांग बघून नाही, टँकर बघून करतात." खर्डीला चढलेली सांगते, आटगावची खळखळून हसते आणि आसनगावला चढणारी त्यात स्वतःची भर घालते. हसणाऱ्या सगळ्या जणी पहाटे हंडे भरून आलेल्या असतात.

हेच वाक्य मी मुंबईतल्या एका ऑफिसात ऐकलं. शहापूरकडून रोज येणाऱ्या एका मुलीची नव्या सहकाऱ्याशी ओळख करून देताना कुणीतरी म्हणालं, "यांच्याकडे अंघोळ टँकर बघून करतात बरं का!" खोली हसली. ती मुलगीही हसली, पण दिवसभर कुणाच्या फार जवळ जाऊन बोलली नाही.

बदललं काय? 'आमच्याकडे'च्या जागी 'यांच्याकडे' आलं, एवढंच. पण तेवढ्याने हसू दुसऱ्याच माणसावर येऊन पडलं. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यातली. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय आणि आज मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो. डब्यातल्या बायका हे जगतात, त्यामुळे विनोदाचा न बोललेला अर्धा भाग त्यांना सांगावा लागत नाही. त्या हसतात त्या या अजब व्यवस्थेला. ऑफिसात तो अर्धा भाग कुणालाच ठाऊक नव्हता. मग मागे उरलं काय, तर एका मुलीचं अंग आणि ते स्वच्छ आहे की नाही हा प्रश्न. तेही भातसाच्या पाण्याने अंघोळ करून आलेल्यांच्या तोंडून!

आपल्या माणसाने केलेला विनोद चालतो आणि परक्याचा लागतो, असं यावर कुणी म्हणेल. मला ते पुरेसं वाटत नाही. गावातल्याच माणसाचा विचार करा, ज्याच्या दारात बोअर आहे आणि मार्चनंतरही नळ वाहतो. तो कातकरी वाडीवरून कामाला आलेल्या बाईला हेच वाक्य ऐकवतो. गाव एक, बोली एक, तरी ते तिला टोचणारच. तिने उलट बोलायचं ठरवलं, तर उद्याची मजुरी त्याच्याच हातात आहे. गप्प बसण्यावाचून तिला दुसरी वाट नाही, आणि हे त्यालाही कळतं.

उलट बोलता येतं की नाही, ही खरी खूण आहे. आपल्या घरांत हे फार जुन्या काळापासून पाळलं जातं. धाकटा दीर वहिनीच्या स्वयंपाकावरून, माहेरावरून काहीही बोलतो, आणि वहिनी त्याच्या होणाऱ्या बायकोवरून सव्याज परत करते. तेच वाक्य थोरल्या दिराने उच्चारलं, तर घरात दोन दिवस कुणी नीट जेवणार नाही. त्याच्यापुढे तिने पदर सांभाळायचा असतो, तिला त्याची थट्टा करता येत नाही, म्हणून त्यालाही तिची करता येत नाही. रॅडक्लिफ-ब्राऊन या मानवशास्त्रज्ञाने १९४० मध्ये अशा थट्टेच्या नात्यांवर निबंध लिहिला. लग्नाने जोडलेल्या माणसांत जवळीकही असते आणि परकेपणही असतो. तो ताण भांडणावर जाऊ नये म्हणून समाज काही नात्यांना थट्टेची मुभा देतो आणि काहींना अंतर राखायला लावतो, असं त्याचं म्हणणं. मुभा नात्याला असते. वाक्य कितीही साधं असलं, तरी नातं नसेल तिथे ते चालत नाही.

म्हणूनच परका माणूसही कधी कधी हा विनोद करू शकतो. कसाऱ्याजवळच्या एका पाड्यावर टँकर विहिरीत ओतला जातो आणि बायका दोर टाकून पाणी शेंदतात. टँकरवाला बाहेरगावचा. पाइप विहिरीत सोडताना तो ओरडतो, "चला, आज अंघोळीचा मुहूर्त!" लगेच उत्तर येतं, "दादा, तुमचा टँकर वाटेतच निम्मा गळतो, आधी त्याची अंघोळ थांबवा!" तोही हसतो. या बायका त्याला सुनावू शकतात, पाणी कमी भरलं तर ग्रामपंचायतीत तक्रारही करू शकतात, आणि तो ऊन सोसत रोज घाट चढून इथवर येतो हे त्यांनी पाहिलेलं असतं.

त्या ऑफिसातल्या मुलीला असं काही बोलता आलं असतं का? "हो, आणि तुम्ही आमच्या धरणात अंघोळ करता," एवढं तिला सहज सुचलं असेल. समोर पगारपत्रकावर सही करणारे साहेब बसले होते.