पारा ३४ वर, अंगाला ४२ : बांधकामाचे वेळापत्रक कोणत्या आकड्यावर ठरवायचे?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४० अंशांवर गेला की बातमी होते. त्याच दिवशी पनवेलमध्ये ३४ अंश असतील तर ‘तिकडे बरे आहे’ असे म्हटले जाते. बांधकामावरचा मुकादमही तोच आकडा पाहून दिवसभराचे काम लावतो. पण किनारपट्टीवर उन्हात राबणाऱ्यासाठी हा आकडा अपुरा आहे. कोकणात आणि मुंबई महानगरात उघड्यावरच्या कामाचे वेळापत्रक तापमानावर नव्हे, तर उष्मा निर्देशांकावर ठरायला हवे.

तापमान आणि उष्मा निर्देशांकात फरक काय?

हवामान खाते सांगते ते तापमान सावलीतल्या हवेचे असते. हवेत बाष्प किती आहे, हे त्यातून कळत नाही. शरीराला मात्र त्यानेच मोठा फरक पडतो. घाम येण्याने शरीर थंड होत नाही; घाम वाळण्याने होते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. निथळलेल्या घामातून शरीरातले पाणी आणि मीठ जाते, पण उष्णता आतच राहते.

तापमान आणि सापेक्ष आर्द्रता एकत्र धरून अंगाला किती गरम वाटेल हे सांगणारा आकडा म्हणजे उष्मा निर्देशांक. रॉबर्ट स्टेडमन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या गणितावर तो आधारलेला आहे. त्यानुसार ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असलेल्या कोरड्या दुपारी निर्देशांक सुमारे ३९ येतो. ३४ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला मात्र तो ४२ होतो. म्हणजे त्या दिवशी पनवेलचा गवंडी नागपूरच्या गवंड्यापेक्षा जास्त तापत असतो. अमेरिकेच्या हवामान सेवेच्या तक्त्यात साधारण ३९ अंशांच्या पुढचा निर्देशांक ‘धोका’ या गटात येतो.

मग उष्णतेच्या लाटेचा इशारा का मिळत नाही?

कारण त्या इशाऱ्याचा पाया तापमान हा आहे. उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी किनारपट्टीवर कमाल तापमान किमान ३७ अंश असावे लागते, शिवाय ते सरासरीच्या बरेच वरही असावे लागते. ३४ अंशांचा दमट दिवस या निकषात बसत नाही. भारतीय हवामान खात्याने २०२३ पासून उष्मा निर्देशांक प्रायोगिक स्वरूपात द्यायला सुरुवात केली. पण ‘लाटेचा इशारा नाही’ म्हणजे ‘काम बिनधास्त करा’ अशी समजूत अजूनही कायम आहे.

या समजुतीची किंमत मोठी असू शकते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. ती माणसे उन्हात बसलेली होती, ओझे वाहत नव्हती.

निर्देशांक तरी पुरेसा आहे का?

पूर्ण नाही. हे गणित सावलीत, हलक्या वाऱ्यात, साधे कपडे घालून चालणाऱ्या माणसाचे आहे. थेट उन्हात त्यात ८ अंशांपर्यंत भर पडू शकते. घमेली वाहणाऱ्याच्या शरीरात श्रमाची उष्णता तयार होते ती वेगळीच. ऊन, वारा आणि आर्द्रता एकत्र मोजणारे उपकरण अधिक अचूक असते. मोठ्या कंत्राटदारांनी ते जरूर वापरावे. लहान साइटवर मोबाइलमधला ‘फील्स लाइक’चा आकडा चालेल. मात्र तो किमान धोका समजायचा.

एका दिवसाचे काम कसे लावायचे?

पनवेलजवळच्या चार मजली इमारतीचा स्लॅब पडायचा आहे असे समजा. सकाळी ८ वाजता २९ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता, म्हणजे निर्देशांक ३६. दहा वाजता ३२ अंश आणि ७० टक्के, म्हणजे ४०. दुपारी १ वाजता ३४ अंश आणि ६० टक्के, म्हणजे ४२. उन्हात तो ५० पर्यंत जाऊ शकतो. संध्याकाळी ७ वाजता ३० अंशांवर आर्द्रता ७८ टक्के झाली की निर्देशांक अजूनही ३७ असतो. दमट हवेत संध्याकाळ फारसा दिलासा देत नाही. दुपारी चार तास सुट्टी देऊन तेच अवजड काम संध्याकाळी दामटणे म्हणूनच चुकीचे ठरते. खरी संधी पहाटेची.

स्लॅब मध्येच थांबवता येत नाही, जुन्या-नव्या काँक्रीटचा सांधा कच्चा राहतो. म्हणून तो पहाटे ५ ला सुरू करून १० च्या आत संपेल असे माल आणि माणसांचे गणित आदल्या दिवशीच करावे. आठ माणसांच्या कामाला बारा घेतली तर चार जण आळीपाळीने सावलीत बसू शकतात. दुपारी सळ्या कापणे, वाकवणे अशी कामे सावलीत घ्यावीत. ही सावली बुटक्या पत्र्याच्या शेडची नको, कारण तापलेला पत्रा वरून उष्णता फेकतो. चारही बाजूंनी वारा येणारी, वर जाळी टाकलेली जागा बरी.

दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी द्यावे. पण घाम वाळतच नसेल तर नुसत्या पाण्याने शरीर थंड होत नाही. काम थांबवून पंख्याखाली बसणे हाच उपाय. नव्याने आलेल्या किंवा गावाहून परतलेल्या मजुराला सर्वाधिक धोका असतो, शरीराला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातले काम नेहमीच्या पाचव्या हिश्श्याइतकेच द्यावे आणि रोज तेवढेच वाढवावे, असे अमेरिकेतील कामगार आरोग्य संस्था सुचवते.

धोका कसा ओळखायचा?

मजूर असंबद्ध बोलू लागला, अडखळला, हाकेला नीट उत्तर देईना, तर तो उष्माघात समजावा. ‘अंगाला घाम आहे, म्हणजे उष्माघात नाही’ ही समजूत घातक आहे. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम येत राहू शकतो. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर सतत थंड पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

या उपायांना फार खर्च लागत नाही, पण विश्रांतीचे पैसे कोण देणार हा प्रश्न उरतोच. उक्त्या कामात थांबलेला प्रत्येक तास मजुराच्या खिशातून जातो. म्हणून चक्कर आली तरी तो बसत नाही. निर्देशांक ४० च्या पुढे गेला की विश्रांतीचा वेळ भरपगारी धरला जाईल, अशी अट कंत्राटातच लिहिली जायला हवी. महापालिका आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांनी आपल्या निविदांपासून त्याची सुरुवात करावी. तोवर सावली बांधलेली दिसेल, पण तिच्यात बसणे मजुराला परवडणार नाही.