‘मराठी’ हा एकच कप्पा नव्हे

‘स्पॉटिफायला माझी आवड बरोबर कळते’ असं आपण कौतुकानं म्हणतो. त्याला आवड बिवड काही कळत नाही. तुमच्यासारखी गाणी ऐकणारे बाकीचे लोक आणखी काय ऐकतात, एवढंच त्याला मुख्यतः दिसतं. मराठी श्रोता हिंदी सिनेमाची गाणी ऐकतो, अजय-अतुलही ऐकतो. मग फिरून फिरून तेच समोर येतं. काल आलेल्या नव्या गाण्याला अजून ऐकणारेच नाहीत. ते कोणाच्या शेजारी ठेवायचं हे यंत्राला कसं कळणार?

शिवाय ही शिफारस निव्वळ गुणावर होते असंही नाही. ‘डिस्कव्हरी मोड’मध्ये कलाकार किंवा लेबल एखादं गाणं पुढे ढकलायला सांगू शकतं, त्या बदल्यात तिथून मिळणाऱ्या रॉयल्टीतला वाटा सोडावा लागतो. रेडिओ आणि ऑटोप्लेमध्ये हे चालतं, संपादकीय प्लेलिस्टमध्ये नाही.

संपादकापर्यंत जायची वाट वेगळी आहे. गाणं प्रकाशित होण्याआधी कलाकार एक अर्ज भरतो: भाषा कोणती, प्रकार कोणता, वाद्यं कोणती, गाणं कशाबद्दल आहे. म्हणजे एकही श्रोता नसताना ते गाणं कोणा माणसाच्या कानावर पडू शकतं. संपादकाचेही लाडके असतात, हे मान्य. पण निदान त्याच्याशी भांडता येतं.

खरी गोची कप्प्यांची आहे. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या हिपहॉप गटाचं ‘द वारली रिव्होल्ट’ घ्या. त्यात एमसी मवालीचं मराठी रॅप आहे आणि आरेतल्या आदिवासी पाड्यावरचे प्रकाश भोईरही आहेत. हे ठेवायचं कुठे? ‘मराठी’ म्हटलं की सिनेमा, लावणी, आरत्यांची गर्दी. ‘हिपहॉप’ म्हटलं की हिंदी-पंजाबीची. दोन्हीकडे ते पाहुणंच ठरतं. म्हणून मागणी साधी आहे: मराठीच्या आत रॅप, रॉक, इलेक्ट्रॉनिक असे वेगळे कप्पे करा आणि ते निवडणाऱ्याला मराठी कळू द्या.

तोवर आपण काय करायचं? सर्चमध्ये जाऊन भाषेचा कप्पा उघडा. एखादी प्लेलिस्ट खरंच सगळ्यांसाठी एकच आहे का, हे मित्राचा फोन शेजारी धरून पाहा. पहिली दहा गाणी वेगळी निघाली, तर तिथेही यंत्रच क्रम लावतंय. आवडलेल्या गाण्याच्या ℗ खुणेपुढे कोणाचं नाव आहे ते वाचा. मोठ्या कंपनीऐवजी कलाकाराचंच नाव दिसलं, तर बहुधा तो स्वतंत्र आहे. मग त्याच्या पानावर खाली जा. तो कोणकोणत्या प्लेलिस्टमधून लोकांना सापडला याची यादी तिथे असेल, तर पुढचा कलाकार त्यातच शोधा.

यात एखादी संध्याकाळ जाईल. पण आपली भाषा सिनेमाबाहेर काय गातेय, हे शोधण्याचं कामही ऑटोप्लेवर सोडून द्यायचं असेल, तर ‘मराठीत नवीन काही येतच नाही’ अशी कुरकुर करू नका.