मेलेल्या माणसाची सही कुठून आणायची?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरातलं लाईट बिल अजून वडिलांच्या, आजोबांच्या किंवा नवऱ्याच्या नावानं येतं आणि तो माणूस आता नाही, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. आपल्या गावात अशी घरं किती आहेत हे मोजायला सर्व्हे नको. बिल वाटणाऱ्या पोराला विचारा, तो हसतो.

आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, वय ६७. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. घर स्वतःचं, मीटर सिंगल फेज, बिल दर महिन्याला वेळेवर भरतात. तीन वर्षं कुणी काही विचारलं नाही. मयत माणसाच्या नावानं पैसे घ्यायला वीज कंपनीची कधीच हरकत नसते.

अडचण आली ती सोलरमुळे. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला केंद्राचं ६०,००० रुपये अनुदान आहे. काकूंनी छतावर बसवायचं ठरवलं. एजन्सीवाला म्हणाला, बिलावरचं नाव, अर्जदार आणि बँक खातं जुळलं पाहिजे, आधी मीटर तुमच्या नावावर करून आणा. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतच आहे, म्हणजे उशीर झाला तर साठ हजार गेले.

मग सुरू झाले हेलपाटे. पहिल्या दिवशी काउंटरवर सांगितलं, "मूळ ग्राहकाचं संमतीपत्र लागेल." काकूंनी मृत्यूचा दाखला पुढे केला. त्यावर उत्तर, "मग सगळ्या वारसांचं ना हरकत आणा, स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून." एक मुलगा पुण्यात, मुलगी सुरतेला, आणि धाकट्याशी दोन वर्षं बोलणं नाही. हे सांगितल्यावर तिसऱ्या खेपेला नवीन फर्मान आलं, "मग मावशी, कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट आणा."

यातली एकही मागणी कुणी लेखी दिलेली नाही. सगळं तोंडी.

आता नियम काय म्हणतो ते बघा. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे वीज पुरवठा संहितेचे २०२१ चे विनियम आहेत. त्यात ग्राहकाच्या मृत्यूनंतर कनेक्शन दुसऱ्याच्या नावावर करता येतं हे स्पष्ट आहे. जुन्या ग्राहकाचं संमतीपत्र असेल तर ते जोडायचं. ते नसेल तर काही कागद सांगितलेत: जागेच्या मालकीचा पुरावा, वाटणी झाली असेल तर वाटणीपत्र, नोंदणीकृत दस्त, किंवा वारसा प्रमाणपत्र. यातला कोणताही एक. त्या "कोणताही एक" मधला "एक" आपल्या काउंटरवर येईपर्यंत गळून पडतो आणि उरतात "सगळे".

काकूंकडे त्यातला एक कागद होता. नवरा गेल्यावर त्यांनी नगरपालिकेत वारस नोंद करून घेतली होती, त्यामुळे घरपट्टीच्या उताऱ्यावर त्यांचं आणि तिन्ही मुलांचं नाव आहे. (ज्यांनी हे केलेलं नाही त्यांनी आधी तेच करावं. नाहीतर मालकीचा पुरावा म्हणून जो उतारा न्याल तोही मयताच्याच नावाचा असतो आणि गाडी तिथंच अडकते. खेड्यात हीच गोष्ट ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ची.) तर काकूंनी उतारा दाखवला. उत्तर आलं, "यात चार नावं आहेत, बाकी तिघांच्या सह्या आणा."

सक्सेशन सर्टिफिकेटचं तर हसूच येतं. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ प्रमाणे हे प्रमाणपत्र मयताचं येणं आणि रोखे वसूल करण्यासाठी असतं, म्हणजे बँकेतली ठेव, शेअर वगैरे. घरासारख्या स्थावर मालमत्तेची मालकी त्यानं ठरत नाही. कोर्टात अर्ज, जाहीर नोटीस, कोर्ट फी, वकील, तारखा, एवढं सगळं एका सिंगल फेज मीटरसाठी? नियमात तो एक पर्याय म्हणून आहे, ज्याच्याकडे आधीच असेल त्यानं जोडावा. दुसरा कागद हातात असताना तोच आणा म्हणायचा अधिकार काउंटरला कुणी दिला?

कर्मचाऱ्यांची बाजूही ऐकली. एका जुन्या माणसानं खासगीत सांगितलं, "साहेब, एका भावाच्या नावावर केलं की दुसरा येऊन टेबलावर हात आपटतो. घर त्याच्या नावावर करून दिलं म्हणतो." ही भीती खोटी नाही. आपल्याकडे लाईट बिल म्हणजे घराचा सातबारा असा समज आहे आणि त्यावरून सख्खे भाऊ भांडलेले मीही पाहिलेत. पण बिलावर नाव आल्यानं कुणी मालक होत नाही आणि नाव नसल्यानं कुणाचा हिस्सा बुडत नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये पुरवठा मागण्याचा हक्क जागेच्या मालकाला किंवा तिथं राहणाऱ्याला दिला आहे. राहणारा पुरेसा आहे. सर्वोच्च न्यायालयानंही २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या निकालात सांगितलं, की घरमालक ना हरकत देत नाही एवढ्यावरून वीज नाकारता येणार नाही, अर्जदार त्या जागेत राहतो का एवढंच बघायचं. ते प्रकरण भाडेकरूचं होतं. भाडेकरूला जे मिळतं ते त्याच घरात चाळीस वर्षं राहणाऱ्या विधवेला का मिळू नये?

एखाद्या वारसानं खरंच लेखी हरकत घेतली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा दोघांना बोलवा, ऐका, निर्णय द्या. कुणी हरकत घेतलेलीच नाही, तरी ती घेतली जाईल म्हणून आधीच सह्या गोळा करायला लावायच्या, याला माझा विरोध आहे.

आणि या सगळ्याचं मूळ एकच आहे, आपण तोंडी बोलतो. तोंडी मागणीला तारीख नसते. कागद आवक टेबलावर पडला आणि शिक्का बसला की घड्याळ चालू होतं. नियमानुसार नावबदलाचा निर्णय अर्जानंतरच्या दुसऱ्या बिलिंग सायकलच्या आत कळवायचा असतो. नाकारायचं असेल तर आधी अर्जदाराचं म्हणणं ऐकायचं आणि कारण लेखी द्यायचं.

काकूंच्या अर्जाचा मसुदा देतो, ज्याला हवा त्यानं घ्यावा:

"प्रति, उपकार्यकारी अभियंता, उपविभाग कार्यालय. विषय: मयत ग्राहकाच्या नावावरील वीज जोडणी वारसाच्या नावे करण्याबाबत. ग्राहक क्रमांक (१२ अंकी), बिलिंग युनिट (४ अंकी). वरील जोडणी माझे पती यांच्या नावे असून त्यांचे दिनांक ... रोजी निधन झाले आहे. सदर जागेत मी राहते. आजअखेरची सर्व बिले भरली आहेत. पुरवठा संहिता विनियम २०२१ नुसार मृत्यूचा दाखला, मालकीचा पुरावा म्हणून मालमत्ता कराचा उतारा, माझे ओळखपत्र आणि शुल्क भरल्याची पावती जोडली आहे. नावातील बदलाने मालकी हक्क ठरत नाही याची मला जाणीव आहे. आणखी कागद हवा असल्यास विनियमातील तरतुदीसह लेखी कळवावे. अर्ज नामंजूर करायचा असल्यास सुनावणीची संधी देऊन कारण लेखी द्यावे."

शेवटची दोन वाक्यं काढू नका. काम तीच करतात. अर्ज दोन प्रतीत न्या, एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोच जपून ठेवा. ऑनलाइन केला तर अर्ज क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढा.

थकबाकीचं मात्र कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. घर विकत घेणाऱ्यावर जुन्या मालकाची थकबाकी जास्तीत जास्त सहा महिन्यांची येते. वारसाला ही सवलत नाही. वडिलांनी ठेवलेली बाकी पूर्ण तुमच्या डोक्यावर येते. म्हणून अर्जाआधी त्या ग्राहक क्रमांकाची आणि त्या जागेवर पूर्वी बंद पडलेलं दुसरं मीटर असेल तर त्याचीही बाकी विचारून घ्या. खूप जुनी रक्कम अचानक काढली तर कलम ५६(२) लक्षात ठेवा. रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षं उलटली आणि मधल्या बिलांत ती सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर वसूल करता येत नाही. जुनी बिलं रद्दीत घालू नका ती यासाठीच.

ज्यांना मीटर ठेवायचंच नाही, म्हणजे म्हातारी गेली, घराला कुलूप, पोरं पुण्या-मुंबईत, त्यांनी नुसतं बिल भरणं थांबवू नये. एक युनिट न जळताही स्थिर आकार चढत राहतो, आणि तोडण्याची पंधरा दिवसांची नोटीस त्या कुलपाला चिकटते, मयताच्याच नावानं. कायमस्वरूपी पुरवठा बंद करण्याचा, म्हणजे पीडीचा, लेखी अर्ज द्या. शेवटचं रीडिंग तुमच्यासमोर घ्यायला लावा, मीटर काढून नेल्याचा कागद घ्या आणि सुरक्षा ठेव परत मागा. ती ठेव तुमच्या माणसानं भरलेली आहे.

फोनबद्दल एकच ओळ. मयताचं सिम सगळ्यात शेवटी बंद करा, कारण बिलाचे आणि अर्जाचे मेसेज बहुतेक वेळा त्याच नंबरवर जातात. तो नंबर आधी लेखी बदलून घ्या.

मुदत उलटली तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. तिथं वकील लागत नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायचं. मंचाचा निकाल पटला नाही तर विद्युत लोकपाल, मुंबईला आणि नागपूरला. काकूंना मी हे समजावत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे बाबा, मला भांडायचं नाही, मला माझं नाव हवंय फक्त."

काकूंचा अर्ज गेल्या महिन्याच्या ३ तारखेला शिक्का घेऊन आत गेला. त्यानंतरचं पहिलं बिल आलं, नवऱ्याच्याच नावानं. लेखी नकार नाही, सुनावणीचं पत्र नाही. दुसरं बिल या महिन्याच्या २० च्या आसपास येईल. आवक क्रमांक माझ्याकडे आहे. संबंधित साहेब ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे, लाईक करत नाहीत एवढंच. बिल आलं की फोटो इथंच टाकतो, नाव कुणाचंही असो.