एनओसी अडली तरी घर अडत नाही

मामूंनी मुंबईत फ्लॅट ठरवला. नाव ऐकून सेक्रेटरी म्हणाले, “एनओसी हवी तर दोन लाख देणगी द्या.”

मी उपविधी काढून दाखवले. हस्तांतरणाला एनओसी बंधनकारक नाही. ती सहसा कर्जासाठी बँक मागते. हस्तांतरण फी ५०० रुपये आणि महापालिका हद्दीत प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये. त्यावर देणगी मागता येत नाही. वारसाच्या नावावर करताना तर प्रीमियमही नाही.

व्यवहार नोंदवून, मूळ शेअर सर्टिफिकेट जोडून मामूंनी सभासदत्वाचा अर्ज दिला आणि शिक्क्याची पोच घेतली. सारा जोर या पोचेवर. तीन महिन्यांत उत्तर आलं नाही, तर कलम २२(२) नुसार अर्जदार सभासद मानला जातो. नकार आला, तर निबंधकाकडे अपील.

अकराव्या आठवड्यात सर्टिफिकेटच्या पाठीमागे मामूंचं नाव चढलं.