तीस खणांची पाटी आणि बिरसीची ट्यूशन

मागच्या व्हिडिओत आपण सर्च जाहिरातीचं खातं उघडलं, पैसे भरले, एरिया निवडला. त्याच्या कमेंटमध्ये सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न होता, "सर, हेडलाइन बसतच नाही, काय करू?" व्हिडिओत हे दाखवायला वेळ पुरला नाही, म्हणून इथे लिहितोय. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो. हेडलाइन बसत नाही याचं कारण बहुतेक वेळा जागा कमी आहे हे नसतं. आपण तिच्यात स्वतःचं कौतुक भरतो, हे असतं.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. बिरसीची एक ताई, बी.एस्सी. झालेली, मुलांच्या घरी जाऊन पाचवी ते आठवीचं गणित-विज्ञान शिकवते. स्कूटीवर जाते, बिरसी, कामठा आणि आजूबाजूची गावं करते. तिनं जाहिरात टाकायला घेतली आणि पहिल्याच खिडकीत हे लिहिलं: "गोंदिया जिल्ह्यातील सर्वोत्तम होम ट्यूशन". गुगलनं लाल रेघ दाखवली. ताई म्हणाली, "सर, मी मोजलं ना. वीसच होतात!"

ताईनं बोटांवर मोजलं ते बरोबर होतं. गों-दि-या असं मोजलं तर मधल्या जागा धरून वीसच होतात. पण मशीन आपल्यासारखं अक्षर मोजत नाही. गुगलच्या हेडलाइनला मर्यादा आहे ३० कॅरेक्टरची, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, एवढंच काय पाय मोडलेल्या अक्षराचा हलन्तसुद्धा वेगळा मोजला जातो. "गोंदिया" आपल्याला तीन अक्षरं दिसतात, मशीनला सात. ताईची ओळ मशीनच्या हिशोबानं ४० होती. म्हणजे दहा जास्त.

हे मोजायला वेगळं अॅप नको. गुगल शीट उघडा, A2 मध्ये हेडलाइन लिहा आणि शेजारच्या खान्यात हे टाका:

```
=LEN(A2)
```

३० किंवा त्याच्या आत आकडा आला की बसली. शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागासुद्धा यात मोजली जाते, त्यामुळे व्हॉट्सअॅपवरून कॉपी केलेला मजकूर एकदा तपासून घ्या.

आता काही जण म्हणतात, मग मराठी सोडा, इंग्रजीत लिहा. घाई करू नका. "होम ट्यूशन" देवनागरीत १० भरतं, इंग्रजी अक्षरांत १२. "गणित" फक्त ४. साधा मराठी शब्द स्वस्त असतो. महाग पडतात ती जोडाक्षरं आणि शब्दाला लागलेल्या लांब शेपट्या. सगळ्यात मोठा खादाड शब्द सांगू? "विद्यार्थ्यांसाठी". दिसतात पाच अक्षरं, मोजली तर १७! अर्ध्याहून जास्त पाटी एकाच शब्दानं खाल्ली. त्याच्या जागी "मुलांना" लिहा, ७ मध्ये काम होतं. "मार्गदर्शन" १० घेतो, "शिकवणी" ६ मध्ये भागते. "पाचवी ते आठवी" १३, तर "५वी ते ८वी" १०. कामठ्याच्या किराणा दुकानात उभी असलेली आई तरी "मार्गदर्शन हवंय" असं कुठे म्हणते? ती म्हणते, "पोराला ट्यूशन लावायचं आहे."

ताईनं मग काय केलं, "गोंदिया जिल्ह्यातील" कापलं. उरलं "सर्वोत्तम होम ट्यूशन", २०. बसली. ताई खुश. मी नाही. कारण कापायचं होतं ते राहिलं आणि ठेवायचं होतं ते गेलं. "सर्वोत्तम" सगळेच लिहितात, वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. आणि कुठे, कितवी, कोण, किती पैसे यातलं एकही उत्तर त्या ओळीत नव्हतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पैसे इथेच जातात. सर्चमध्ये आपण पैसे देतो क्लिकचे. जाहिरात दिसली आणि कुणी दाबली नाही, तर खर्च नाही. म्हणून हेडलाइनचं काम फक्त बोलावणं नाही. नको त्याला दारातूनच परत पाठवणं हेही तिचं काम आहे. समजा क्लिकला ८ रुपये पडतात आणि ताईनं दिवसाला १०० रुपये ठेवलेत. बाराच क्लिक मिळणार. त्यातले चार दहावीच्या मुलांचे पालक, तीन गोंदिया शहरातले, दोन स्वतःच ट्यूटरची नोकरी शोधणारे. ताईच्या कामाचे उरले तीन. "५वी ते ८वी" आणि "बिरसी-कामठा" हे शब्द वरच दिसले असते तर दहावीवाला आणि शहरातला बहुतेक दाबलाच नसता. नोकरीवाल्यांसाठी हेडलाइनमध्ये "ट्यूटर हवा?" असं लिहिणं टाळा, ते भरतीच्या जाहिरातीसारखं वाचलं जातं. शिवाय "नोकरी", "जॉब" हे शब्द वगळण्याच्या यादीत टाका, मराठीतही आणि इंग्रजी अक्षरांतही.

शहराचा मोह सगळ्यांना होतो. "गोंदिया" लिहिलं की मोठं वाटतं. पण घरी जाऊन शिकवायचं आहे ना? रोज संध्याकाळी शहरात जाऊन परत यायचं म्हटलं तर एका मुलाच्या वेळात दोन मुलं हातची जातात. जेवढं स्कूटी जाते तेवढंच नाव हेडलाइनमध्ये. एरियाच्या सेटिंगमध्येही बिरसीभोवती तेवढीच त्रिज्या ठेवा, आणि त्या भागात प्रत्यक्ष असणारे लोक हा पर्याय निवडा, नुसता त्या भागात रस असणारे नको.

"पण सर, बिरसी असं कोण सर्च करतं?" बरोबर आहे, जवळजवळ कोणीच नाही. बिरसी हा कीवर्ड टाकला तर सर्च फारच कमी आहेत असा शेरा येऊन तो निजून राहील. लोक टाकतात होम ट्यूशन, गणित ट्यूशन, जवळचा ट्यूटर, तेही बहुतेक इंग्रजी अक्षरांत. कीवर्ड तसेच ठेवा. त्रिज्या त्यांना गावापुरतं आवरेल. गावाचं नाव फक्त हेडलाइनमध्ये. साधी होम ट्यूशन शोधणाऱ्याला जाहिरातीत आपल्याच गावाचं नाव दिसलं की तो थांबतो. आणि नुसतं बिरसी लिहू नका, कारण तिरोड्याकडे बिरसी फाटाही आहे. "बिरसी-कामठा" म्हटलं की विमानतळाजवळची बिरसी, हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता शेवटचा अडथळा, आणि यात शिकलेले लोकही फसतात. गुगल तुमच्याकडून १५ पर्यंत हेडलाइन घेतं आणि त्यातल्या दोन-तीन स्वतः निवडून, स्वतःच्या क्रमानं दाखवतं. म्हणून एक वाक्य दोन हेडलाइनमध्ये तोडू नका. ताईनं लिहिलं होतं, "तुमच्या मुलाला गणित" आणि पुढच्या खिडकीत "आवडत नाही? आम्ही आहोत". दोन्ही मर्यादेत बसतात. पण प्रीव्ह्यूमध्ये काय जुळून आलं बघा: "महिना ₹८००, एक विषय | आवडत नाही? आम्ही आहोत". आम्ही दोघं पोट धरून हसलो. प्रत्येक हेडलाइन एकटी उभी राहिली पाहिजे.

शेवटी ताईच्या पाटीवर हे राहिलं, कंसात मशीनचा आकडा:

बिरसी-कामठा होम ट्यूशन (२२)
बिरसीत घरी येऊन शिकवणी (२२)
५वी ते ८वी गणित, विज्ञान (२४)
महिला शिक्षिका घरी येतील (२४)
महिना ₹८००, एक विषय (१९)
मराठी व सेमी-इंग्रजी माध्यम (२७)
पहिले दोन तास मोफत (१८)

यातली चौथी मला सगळ्यात मोलाची वाटते. क्लासला मूल जातं, होम ट्यूशनला परका माणूस आपल्या घरात येतो. आईच्या मनात पहिला प्रश्न फीचा नसतो, कोण येणार हा असतो. "अनुभवी शिक्षक" लिहिलं तरी तो प्रश्न तसाच राहतो. तुम्ही पुरुष असाल तर "शिक्षक याच गावातले" असं काही खरं आणि तपासता येणारं लिहा.

पहिल्या दोन ओळी मी पहिल्या जागेवर पिन करायला सांगितल्या, म्हणजे आलटून पालटून त्यातलीच एक सुरुवातीला येते. एकीत "ट्यूशन", दुसरीत "शिकवणी". आपल्याकडे हिंदी-मराठी मिसळूनच बोलतात, दोन्ही चालतात. पिन केल्यावर आणि सातच हेडलाइन दिल्यावर गुगल "अॅड स्ट्रेंथ" कमी दाखवेल आणि अजून टाका, अजून टाका म्हणेल. लक्ष देऊ नका. तो सूचनेचा काटा आहे, लिलावात तुमचा नंबर त्यावर ठरत नाही. १५ हेडलाइन तपासून बघायला हजारो वेळा जाहिरात दिसावी लागते, बिरसीत तेवढे सर्च कुठून आणणार? आठवी ओळ सुचत नसेल तर लिहू नका.

हेडलाइनमध्ये उद्गारचिन्ह चालत नाही आणि जाहिरातीच्या मजकुरात फोन नंबर चालत नाही, त्यासाठी कॉलची वेगळी सोय आहे. "१००% पास" तर मुळीच नको. कोचिंगच्या फसव्या जाहिरातींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढलीत ती मोठ्या क्लासेसना डोळ्यासमोर ठेवून, पण गावात खोटी हमी दिली तर प्राधिकरणाआधी पालकच दारात येतील. वेळ, बोर्ड, बाकीचे विषय हे सगळं खालच्या वर्णनात टाका, तिथे ९० कॅरेक्टर मिळतात.

जाहिरात वर्षभर चालवू नका. उन्हामुळे आपल्या विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून एप्रिल-मेमध्ये पैसे जाळू नका. शाळा उघडायच्या आठवड्यात सुरू करा, आणि सात दिवसांनी सर्च टर्म्सचा रिपोर्ट उघडून लोकांनी खरंच काय टाइप केलं ते वाचा. ताईच्या रिपोर्टमध्ये "इंग्लिश स्पीकिंग" तीनदा आलं होतं. तो शब्द तिनं वगळण्याच्या यादीत टाकला. शिकवायला घ्यावं का, याचा विचार अजून चालू आहे.