गुण नव्हे, चुका मोजा : पदविकेच्या उंबरठ्यावरील नैदानिक चाचणी

दहावीनंतर आपल्या वसतिगृहातील अनेक मुले-मुली तंत्रनिकेतनात पदविकेसाठी जातात. तेथे पहिल्या वर्षी लघुगणक, सारणी, आंशिक अपूर्णांक असे विषय समोर येतात. ते शिकताना अडचण बहुधा नव्या संकल्पनेत नसते. ती आठवी-नववीच्या बीजगणितात दडलेली असते. म्हणून काही ठिकाणी प्रारंभी सेतू अभ्यासक्रम घेतात. मात्र त्याआधी नैदानिक चाचणी झाली नाही, तर सर्वांना सर्वच पुन्हा शिकविले जाते आणि ज्याला जे हवे ते त्याला मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

नैदानिक चाचणी म्हणजे छोटी परीक्षा नव्हे. परीक्षा किती आले ते सांगते. निदान कोठे अडले ते सांगते. एक उदाहरण पाहू : 5 − 2(x − 3) = 1. याचे बरोबर उत्तर x = 5. एखाद्याने x = −1 लिहिले, तर त्याने कंस सोडविताना −2 गुणिले −3 चे −6 केले; त्याची उणीव चिन्हांची आहे. x = 7/2 आले, तर चिन्ह बरोबर आहे, पण 2 ने फक्त पहिल्या पदाला गुणले आहे. x = 10/3 आले, तर आधी 5 मधून 2 वजा केले; म्हणजे क्रियांचा क्रमच चुकला. तिघांनाही शून्य गुण, परंतु तिघांचे उपचार निराळे. पर्यायी प्रश्न ठेवायचे असतील, तर चुकीचे पर्याय अशाच चुकांतून घडवावेत.

एका चुकीवरून निष्कर्ष काढू नये. तो अनवधानाचा दोषही असू शकतो. एकाच कौशल्याचे तीन प्रश्न चाचणीत विखरून ठेवावेत. दोनदा तीच चूक दिसली, तर ती सवय समजावी. पर्यायांत अंदाजाने उत्तर बरोबर येऊ शकते, म्हणून काही प्रश्नांची रीत लिहून घ्यावी. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी शाब्दिक उदाहरण दिले, तर आपण भाषा तपासतो, बीजगणित नाही. म्हणून प्रश्न चिन्हांत किंवा दोन्ही भाषांत असावेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या चाचणीचे गुण फलकावर लावू नयेत. गुणांची भीती असली की मुले शेजाऱ्याचे उत्तर उतरवतात, आणि मग शिक्षकाच्या हाती शेजाऱ्याचे निदान येते. त्याऐवजी प्रत्येकाला आपल्या उणिवांची चिठ्ठी द्यावी व त्यांप्रमाणे गट पाडावेत. गटाचे अध्यापन संपल्यावर त्याच कौशल्यांवर नवे प्रश्न देऊन पुन्हा तपासावे.

पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी प्रवेशाच्या वेळी संस्थेला एवढेच विचारावे : सेतू वर्गात मुलाला काय शिकवायचे, हे आपण कशावरून ठरविता?