पालकांस पत्र : सात आठे किती?



आपल्या काशीतील मराठी घरांची मुले पाढे दोनदा शिकतात. शाळेत ती ‘सात सत्ते उनचास’ म्हणतात आणि घरी आजीजवळ दिवेलागणीच्या परवच्याला बसली, की ‘सात साते एकोणपन्नास’ म्हणतात. दोन्ही पाठ असलेला मुलगा हुशार, असा आपला समज असतो. आणि एखादे मूल या दोन चालींत अडखळले, की त्याला पाढे येत नाहीत असे ठरवून आपण मोकळे होतो. त्याला पाढे येतात की पाढ्यांची चाल येते, याचा शोध घ्यावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पाचवीतील एक मुलगा सातचा पाढा न थांबता, एका श्वासात म्हणत असे. त्याला मध्येच विचारले, “सात आठे?” तो क्षणभर ओठ हलवीत राहिला. सात एकेपासून पुन्हा सुरुवात चालली होती, हे उघड होते. मग उत्तर आले, “चोपन्न.” चोपन्न हा आकडा त्याने वाऱ्यावरून आणला नव्हता. सहा नव्वे चोपन्न असतात, आणि छप्पन्नच्या शेजारचा हा आकडा मुलांच्या जिभेवर नेहमी चुकून येतो. “सात साते किती?” म्हणून विचारले, तर ‘एकोणपन्नास’ हे उत्तर अचूक आले. “मग त्याहून सात आठे कितीने जास्त?” यावर तो गप्प झाला, आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, “आठने.”

हा शेवटचा प्रश्न आपण आपल्या मुलास अवश्य विचारून पाहावा. ‘एकने’ किंवा ‘आठने’ असे उत्तर आले, तर पाढा कानात आहे, पण त्याचा अर्थ मनात उतरलेला नाही, असे समजावे. अशा मुलाचा पाढा साखळीसारखा असतो. मधली एक कडी निसटली, की पुढचे सगळे जाते, आणि आपले उत्तर चुकले हे ओळखण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसते. भागाकाराशी गाठ पडली, की असे मूल मागे पडू लागते, आणि घरात त्यास ‘ढ’ म्हणण्यास प्रारंभ होतो.

यावर उपाय अगदी घरगुती आहे. छप्पन्न चिंचोके घ्यावेत. सात चिंचोक्यांची एक ओळ मांडावी, तिच्याखाली दुसरी, अशा आठ ओळी मांडाव्यात. सात आठे म्हणजे सात आठ वेळा. आता पाचव्या ओळीखाली एक काडी आडवी ठेवावी. वर पाच ओळी, म्हणजे सात पंचे पस्तीस; खाली तीन ओळी, म्हणजे सात त्रिक एकवीस. दोन्ही मिळून छप्पन्न. मग काडी उचलून सातव्या ओळीखाली ठेवावी. वर एकोणपन्नास आणि खाली एकच ओळ, सातची. सात साते येत असेल तर पुढे आठ मिळवावयाचे की सात, हे मुलास आता सांगावे लागत नाही. (एकोणपन्नास म्हणजे एक ऊन पन्नास, हिंदीतील ‘उनचास’मधला ‘उन’ही तोच. हे सांगितले, की दोन भाषांतील दोन आकडे मुलास भावंडांसारखे वाटू लागतात.)

हीच मांडणी मुलाच्या बाजूने न बघता आपण शेजारच्या बाजूला जाऊन बघावी. तेथून आठ-आठच्या सात ओळी दिसतात. एकही चिंचोका हललेला नाही. म्हणजे आठ साते हे वेगळे पाठ करण्याचे कारण नाही. ही गोष्ट मुलाच्या ध्यानात येणे फार मोलाचे आहे. एक ते दहाच्या पाढ्यांत शंभर घरे आहेत. उलटसुलट जोड्या एक धरल्या, तर पंचावन्न उरतात. एक, दोन, पाच आणि दहा यांच्या जोड्या मुलांना सहसा जड जात नाहीत. त्या वगळल्या, तर एकवीस राहतात. नऊचा गुणाकार दहातून एक वेळ काढून होतो. सहा नव्वे म्हणजे साठातून सहा गेले, चोपन्न. त्याही गेल्या, की केवळ पंधरा जोड्या उरतात. शंभर पायऱ्यांचा घाट चढावयाचा आहे असे वाटणाऱ्या मुलास पंधराच पायऱ्या आहेत, हे एकदा मोजून दाखवावे.

दहाच्या पुढचे पाढे हा आपल्या मराठी घरांचा विशेष अभिमान. ‘सोळा साते बारोदरसे’ हे कित्येक मुले म्हणतात. पण बारोदरसे म्हणजे किती, असे विचारले, तर पाटीवर काय लिहावे ते त्यांना कळत नाही. शब्द उलगडून सांगावा : बारा-उत्तर-शे, शंभरावर बारा. मग सोळा-सोळाच्या सात ओळी मांडून दहाव्या चिंचोक्यानंतर काडी उभी ठेवावी. डावीकडे दहा साते सत्तर, उजवीकडे सहा साते बेचाळीस, एकूण ११२. येथे एक चूक हटकून होते. मूल सत्तरात नुसते सहा मिळवून ७६ म्हणते. त्यास रागावू नये. काडीच्या उजवीकडे बोट ठेवून “येथे किती ओळी आहेत?” एवढेच विचारावे.

ही पद्धत कोणा नव्या शिक्षणशास्त्राची आहे, असे कोणी समजू नये. भास्कराचार्यांच्या इसवी सन ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त १३५ ला १२ ने गुणण्याचे उदाहरण आहे, आणि ते अनेक रीतींनी सोडविले आहे. बाराचे आठ आणि चार असे तुकडे केले, तर १०८० आणि ५४०, मिळून १६२०. बाराऐवजी वीस घेतले, तर २७०० होतात. जास्त घेतलेल्या आठचे १०८० वजा केले, की पुन्हा १६२०. म्हणजे काडी कोठेही ठेवा, चिंचोके तेवढेच. या ग्रंथाचे आपल्या नगराशीही नाते आहे. महाराष्ट्रातून आलेले बापूदेव शास्त्री एकोणिसाव्या शतकात येथील संस्कृत पाठशाळेत गणित व ज्योतिष शिकवीत, आणि त्यांनी ‘लीलावती’चे संपादन केले.

तर मग पाठांतर सोडून द्यावे काय? मुळीच नाही. भागाकार करताना प्रत्येक वेळी चिंचोके मांडत बसले, तर मूल गणिताचा धागाच विसरते. सात आठे छप्पन्न हे अखेरीस जिभेवर असलेच पाहिजे; फक्त ते विसरल्यास पुन्हा उभे करता आले पाहिजे. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी मांडणी, मग तीच कागदावर ठिपक्यांनी, आणि मगच परवचा. त्या पंधरांपैकी एका दिवशी एक किंवा दोनच जोड्या घ्याव्यात. घड्याळ लावून मुलास घाई करू नये. घाईत ते पुन्हा चालीच्या आश्रयाला जाते. जी जोडी विचारताक्षणी येते, तिची रीत पुन्हा पुन्हा विचारून त्यास कंटाळा आणू नये. दोन-तीन आठवड्यांत चिंचोके डब्यात परत जावेत. महिन्यानंतरही मूल ते मागत असेल, तर दोन आणि पाचचे पाढे पक्के आहेत काय, ते आधी तपासावे. बहुधा कच्चेपणा तेथेच सापडतो.

परवचा संपल्यावर आजीने पाढा न म्हणता तीनच प्रश्न विचारावेत : एक मधलाच, एक ‘कितीने जास्त’ असा, आणि एक बाजारातला; उदाहरणार्थ, सात रुपयांचा एक, असे आठ पेरू घेतले, तर किती पैसे द्यावे लागतील? शाळेच्या हिंदीत उत्तर आले तरी ते चालवून घ्यावे.

पुढील पत्रात पावकी आणि निमकी.

आपला,
एक गणितशिक्षक, वाराणसी